डावीकडे खरे, उजवीकडे खोटे

एका क्रिकेट सामन्याच्या तिकिटामागे दोन अटी छापल्या आहेत असे समजू. पहिली : पाऊस पडला किंवा मैदान ओले राहिले, तर सामना रद्द होईल. दुसरी : सामना रद्द झाला, तर तिकिटाचे पैसे परत मिळतील. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी दोन माणसे वाद घालत बसली आहेत. एक म्हणतो, "पैसे परत मिळाले नसतील, तर पाऊस पडलाच नव्हता." दुसरा म्हणतो, "पैसे मिळाले ना? म्हणजे पाऊस पडला असणार." दोघांचाही आधार त्याच दोन अटी आहेत. एकाचा युक्तिवाद पक्का आहे आणि दुसऱ्याचा पोकळ. कोणाचा कोणता हे बहुतेकांना थोड्या विचाराने कळते. पण "कळते" यावर तर्कशास्त्राचे समाधान होत नाही. पक्का युक्तिवाद पक्का का आहे हे पायरीपायरीने दाखवता आले पाहिजे, आणि पोकळ युक्तिवाद नेमका कुठे फसतो यावरही बोट ठेवता आले पाहिजे.

ही दोन्ही कामे एकाच रीतीने करून देणारी पद्धत गेरहार्ड गेंट्झेन या जर्मन गणितज्ञाने मांडली. १९०९ मध्ये ग्रायफ्सवाल्डला जन्मलेला गेंट्झेन ग्योटिंगेन विद्यापीठात शिकत होता. त्याला मार्गदर्शन करणारे पॉल बर्नाइस यांना ज्यू असल्यामुळे १९३३ मध्ये पदावरून काढण्यात आले, तेव्हा प्रबंधाची औपचारिक जबाबदारी हेर्मान वाइल यांनी घेतली. तार्किक अनुमानांवरचा तो प्रबंध १९३४-३५ मध्ये एका गणिती नियतकालिकात दोन भागांत छापून आला. त्यातच सिक्वेंट कॅल्क्युलस पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात दिसते. गेंट्झेनचे पुढचे आयुष्य सरळ नव्हते. तो नाझी पक्षाचा सदस्य झाला, युद्धाच्या शेवटी प्रागमध्ये पकडला गेला आणि ऑगस्ट १९४५ मध्ये तिथल्याच तुरुंगात उपासमारीने मेला. वय होते पस्तीस. त्याच्या गणिताचे आणि त्याच्या राजकारणाचे मोजमाप वेगवेगळे करावे लागते, आणि इथे विषय गणिताचा आहे.

सिक्वेंट म्हणजे एका ओळीत लिहिलेला दावा. मधे ⊢ ही खूण असते. तिच्या डावीकडे स्वल्पविरामांनी वेगळी केलेली काही विधाने असतात आणि उजवीकडेही तशीच काही. तिकिटाच्या उदाहरणासाठी चार अक्षरे ठरवून घेऊ. प म्हणजे "पाऊस पडला", म म्हणजे "मैदान ओले राहिले", र म्हणजे "सामना रद्द झाला" आणि त म्हणजे "तिकिटाचे पैसे परत मिळाले". ∨ ही खूण "किंवा"साठी, → ही "जर–तर"साठी आणि ¬ ही नकारासाठी. मग पहिल्या माणसाचे म्हणणे असे लिहिता येते :

```
(प ∨ म) → र,  र → त  ⊢  ¬त → ¬प
```

हा दावा वाचायचा कसा? डावीकडची सगळी विधाने खरी असतील, तर उजवीकडचे निदान एक तरी खरे असते. म्हणजे डावीकडच्या स्वल्पविरामाचा अर्थ "आणि", तर उजवीकडच्या स्वल्पविरामाचा अर्थ "किंवा". एकच चिन्ह दोन बाजूंना दोन अर्थांनी वापरणे प्रथम खटकते. इथे उजवीकडे एकच विधान असल्यामुळे तो प्रश्न अजून आलेला नाही, पण लवकरच येईल.

त्याहून उपयोगी वाचन उलट बाजूने करता येते. हा दावा खोडायचा असेल तर काय दाखवावे लागेल? डावीकडचे सगळे खरे आणि उजवीकडचे सगळे खोटे असलेली एक परिस्थिती. बस्स, एकच. अशी परिस्थिती सापडली तर दावा पडला. ती सापडूच शकत नाही असे दाखवता आले तर दावा सिद्ध झाला. "डावीकडे सगळे खरे, उजवीकडे सगळे खोटे" एवढे डोक्यात ठेवले की स्वल्पविरामांचे दोन अर्थ वेगळे पाठ करावे लागत नाहीत. रिकाम्या बाजूंचाही उलगडा होतो. डावी बाजू रिकामी असेल तर कसलाही आधार न घेता उजवीकडचे काहीतरी खरे ठरते असा दावा असतो. उजवी बाजू रिकामी असेल, तर डावीकडची विधाने एकत्र खरी असूच शकत नाहीत असा. दोन्ही बाजू रिकाम्या असतील तर तो दावा खोडायला काहीच लागत नाही. म्हणून ही उघडीबोडकी ⊢ कधीच सिद्ध होता कामा नये. तिच्याकडे पुढे परत यायचे आहे.

काही दावे पाहताक्षणीच न खोडता येण्यासारखे असतात. एकच विधान दोन्ही बाजूंना दिसले, की त्याला एकाच वेळी खरेही आणि खोटेही करावे लागेल, आणि ते शक्य नाही. प ⊢ प हा त्याचा सर्वांत साधा नमुना. त्याच्या आजूबाजूला आणखी कितीही विधाने असली तरी फरक पडत नाही. सिद्धतेच्या झाडाची पाने म्हणजे असेच दावे. इथे झाड खरोखरीच्या झाडासारखे उभे असते. मुळाशी, सर्वांत खाली, सिद्ध करायचा दावा असतो, आणि तो फोडत फोडत वर पानांपर्यंत जायचे असते.

फोडण्याचे नियम प्रत्येक तार्किक शब्दासाठी दोन-दोन आहेत. तो शब्द डावीकडच्या विधानात आला तर एक, उजवीकडच्या विधानात आला तर दुसरा. म्हणूनच त्यांना डावा नियम आणि उजवा नियम म्हणतात. पाठांतराची गरज नाही, कारण प्रत्येक नियम खोडणाऱ्याला विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असतो.

नकारापासून सुरुवात करू. ¬त डावीकडे आहे, म्हणजे खोडणाऱ्याला ते खरे करायचे आहे. ¬त खरे म्हणजे त खोटे. खोट्यांची जागा उजवीकडे, म्हणून ¬त डावीकडून काढायचे आणि त उजवीकडे ठेवायचे. हा नकाराचा डावा नियम. उजवा नियम त्याचाच आरसा आहे : ¬प उजवीकडे असेल तर ते खोटे करायचे, म्हणजे प खरे, म्हणजे प डावीकडे जाते.

"किंवा" उजवीकडे असेल तर प ∨ म हे अख्खे विधान खोटे करायचे आहे. त्यासाठी प आणि म दोन्ही खोटी लागतात, म्हणून दोन्ही उजवीकडेच, स्वल्पविरामाने वेगळी करून लिहायची. पण "किंवा" डावीकडे असेल तर खोडणाऱ्यापुढे दोन वाटा उघडतात. त्याला प खरे करून चालेल किंवा म खरे करून. आपल्याला दोन्ही वाटा बंद कराव्या लागतील, म्हणून झाडाला तिथे दोन फांद्या फुटतात. "आणि"चे नियम याच्या बरोबर उलटे आहेत. तो डावीकडे सरळ सुटतो आणि उजवीकडे फांद्या फोडतो.

"जर–तर" उजवीकडे असेल तर तो खोटा करायचा एकच मार्ग आहे. "जर"चा भाग खरा आणि "तर"चा भाग खोटा. म्हणून पहिला भाग डावीकडे जातो आणि दुसरा उजवीकडे राहतो. "जर–तर" डावीकडे असेल, म्हणजे र → त खरे करायचे असेल, तर पुन्हा दोन वाटा : र खोटे ठेवा, किंवा त खरे ठेवा. पहिल्या फांदीत र उजवीकडे जाते, दुसऱ्या फांदीत त डावीकडे राहते. बाकीची विधाने दोन्ही फांद्यांत जशीच्या तशी नकलून घ्यायची.

आता पहिल्या माणसाचा दावा फोडू. मुळातल्या ओळीत उजवीकडे ¬त → ¬प आहे. जर–तरचा उजवा नियम लावला की ¬त डावीकडे येते आणि उजवीकडे ¬प उरते. नंतर ¬त वर नकाराचा डावा नियम लावला, की त उजवीकडे जाते. आता उजवीकडे ¬प आणि त अशी दोन विधाने झाली, आणि उजवीकडचा स्वल्पविराम इथे प्रथमच कामाला आला. मग ¬प वर उजवा नियम लावून प डावीकडे आणायचे. तीन पायऱ्यांत दाव्याचे रूप पालटले. सगळे नकार गेले, आणि उरले ते असे : दोन अटी पाळल्या आहेत, पाऊस पडला आहे, तर पैसे परत मिळतातच. मूळ वाक्य ऐकून जे मनात पुसटसे चमकते तेच इथे नियमांनी कागदावर उतरते.

यापुढे फांद्या अटळ आहेत. र → त फोडले की एका फांदीत त डावीकडेही येते आणि ते उजवीकडे आहेच. ती फांदी तिथेच बंद. दुसऱ्या फांदीत र उजवीकडे जाऊन बसते. तिथे पहिली अट फोडायची. तिच्या एका फांदीत र दोन्ही बाजूंना येते, तीही बंद. राहिलेल्या फांदीत प ∨ म उजवीकडे जाते. "किंवा"च्या उजव्या नियमाने ते सुटे केले, की प दोन्ही बाजूंना दिसते. सगळी पाने बंद झाली. पूर्ण झाड असे दिसते. सगळ्यांत खालची ओळ मूळ दावा, आणि एका ओळीत दोन दावे शेजारी असतील तिथे फांद्या :

```
प ⊢ प, म, र, त
---------------
प ⊢ प ∨ म, र, त      र, प ⊢ र, त
---------------------------------
(प ∨ म) → र, प ⊢ र, त      (प ∨ म) → र, त, प ⊢ त
--------------------------------------------------
(प ∨ म) → र, र → त, प ⊢ त
---------------------------
(प ∨ म) → र, र → त ⊢ ¬प, त
---------------------------
(प ∨ म) → र, र → त, ¬त ⊢ ¬प
---------------------------
(प ∨ म) → र, र → त ⊢ ¬त → ¬प
```

झाड रचताना खालून वर जायचे, पण सिद्धता म्हणून ते वरून खाली वाचायचे. वरची पाने निर्विवाद, आणि प्रत्येक रेघेखालचा दावा तिच्या वरच्या दाव्यांवरून निघतो. शोध घेण्याची दिशा आणि पटवून देण्याची दिशा एकमेकींच्या विरुद्ध असतात, हे या विषयात नव्याने आलेल्यांना गोंधळात टाकते.

मूळ दाव्यात एकूण सहा तार्किक खुणा होत्या : एक "किंवा", तीन "जर–तर" आणि दोन नकार. प्रत्येक नियम खालून वर जाताना एक खूण कायमची काढतो. म्हणून कोणतीही फांदी सहा पायऱ्यांपेक्षा उंच होऊच शकत नाही, आणि वरच्या झाडातली डावीकडची फांदी बरोबर सहा पायऱ्यांची आहे. या प्रकारच्या विधानांपुरते तरी काम कधी ना कधी संपणार याची हमी अशी साध्या मोजणीतून मिळते.

आता दुसरा माणूस. त्याचा दावा असा :

```
(प ∨ म) → र,  र → त,  त  ⊢  प
```

इथे र → त फोडले की एका फांदीत त पुन्हा डावीकडे येते, जिथे ते आधीपासूनच होते. काहीच साधले नाही. त्याच फांदीत पहिली अट फोडली तर एका पोटफांदीत प ∨ म उजवीकडे जाते, आणि ते सुटे केल्यावर उरते : त ⊢ प, म. (उजवीकडे प दोनदा येते, ते एकदाच लिहिले आहे.) फोडायला आता एकही खूण नाही आणि दोन्ही बाजूंना सामाईक असे एकही अक्षर नाही. पान उघडे राहिले.

सिक्वेंट कॅल्क्युलसचा खरा कस इथे दिसतो. उघडे पान हे निव्वळ अपयश नसते. त्यात खोडणाऱ्याला हवी असलेली परिस्थिती तयार लिहिलेली असते. डावीकडे आहे ते खरे करा, उजवीकडे आहे ते खोटे करा : पैसे परत मिळाले, पाऊस पडला नाही, मैदानही ओले नव्हते. या पानावर र कुठेच नाही, म्हणून ते खरे किंवा खोटे, कसेही असले तरी चालते. समजा दिवे बंद पडल्यामुळे सामना रद्द झाला आणि पैसे मिळाले. तिकिटामागची एकही अट मोडलेली नाही, आणि तरीही पाऊस पडलेला नाही. दुसरी पोटफांदीही उघडीच राहते. तिचे पान र, त ⊢ प असे आहे, आणि त्यात मैदान कोणी पाइपाने भिजवले तरी तक्रार नाही. दावा पाडायला एक उघडे पान पुरते. बाकीच्या फांद्यांपैकी एक बंदही होते, पण त्याने दाव्याचा बचाव होत नाही.

उघड्या पानावरून मुळातला दावा खोटा ठरवता येतो, कारण इथे वापरलेले नियम दोन्ही दिशांनी पक्के आहेत. वरचे दावे टिकले तर खालचा टिकतो, आणि वरचा एक जरी पडला तर खालचाही पडतो. गेंट्झेनच्या मूळ मांडणीत सगळे नियम असे नव्हते. उदाहरणार्थ, त्याच्या "किंवा"च्या उजव्या नियमात वर जाताना प किंवा म यांपैकी एक निवडावे लागे, आणि चुकीची निवड केली तर खरा दावाही अडकून पडे. अडचण टाळण्यासाठी विधानाची आधी दुसरी प्रत काढून ठेवावी लागे. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारे सुटसुटीत रूप फिनलंडच्या ओइव्हा केटोनेन यांच्या १९४४ च्या प्रबंधातून आले. केटोनेन काही काळ ग्योटिंगेनला गेंट्झेनजवळ शिकले होते.

चुका बहुतेक एकाच ठिकाणी होतात : डावीकडच्या जर–तरमध्ये. प → र डावीकडे दिसले की हात आपोआप प डावीकडेच ठेवतो, कारण मनात "प असेल तर" असे वाक्य घोळत असते. पण ते विधान खरे करण्याची एक वाट प खोटे ठेवण्याची आहे, म्हणून प ची जागा उजवीकडे. ही चूक झाल्याची खूण अशी की नको ते दावेही पटापट बंद होऊ लागतात. दुसरी सवयीची चूक म्हणजे फांदी फुटताना बाकीच्या विधानांपैकी एखादे एका फांदीत लिहायचे राहून जाणे. तिची खूण उलटी असते : उघड्या पानावरून काढलेली परिस्थिती मूळ अटींत घालून पाहिली, तर एखादी अट मोडते. म्हणून प्रतिउदाहरण मिळाल्यावर ते मुळातल्या दाव्यावर एकदा घालून बघण्याची शिस्त हवी. आणखी एक गोष्ट चूक नव्हे, पण कष्ट वाढवणारी आहे. फांद्या फोडणारे नियम आधी लावले तर उरलेली सगळी कामे प्रत्येक फांदीत पुन्हा करावी लागतात. सरळ नियम आधी उरकावेत, फांद्या शेवटी. वरच्या झाडात तेच केले आहे.

उजवीकडे एकाहून जास्त विधाने ठेवण्याची मुभा ही नुसती सोय नाही. तिच्यावर एक मोठा वाद उभा आहे. "प किंवा प नाही" हे कुठल्याही आधाराशिवाय खरे मानावे का? सिक्वेंटमध्ये ते दोन पायऱ्यांत सुटते. ⊢ प ∨ ¬प वरून ⊢ प, ¬प, आणि त्यावरून प ⊢ प. मधल्या ओळीकडे पाहावे. उजवीकडे दोन विधाने शेजारी बसली आहेत आणि त्यांतले कोणते खरे हे सांगायची सक्ती नाही. डच गणितज्ञ ब्राउवर यांना हेच मान्य नव्हते. त्यांच्या मते "किंवा" सिद्ध करायचे तर दोहोंपैकी कोणते, हे दाखवता आले पाहिजे. गेंट्झेनने ब्राउवरपंथीयांच्या तर्कासाठी जी दुसरी व्यवस्था केली ती थक्क करणारी आहे. नियम जवळपास तेच, फक्त उजवीकडे जास्तीत जास्त एकच विधान. जागा कमी केली आणि तर्कशास्त्र बदलले.

त्याचा परिणाम पाहायला पर्सचा नियम चांगला. अमेरिकी तर्कज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १८८५ मध्ये मांडलेल्या या सूत्रात नकार कुठेच नाही, "किंवा"ही नाही. खाली फक्त जर–तर आहेत :

```
प ⊢ र, प
---------
⊢ प → र, प      प ⊢ प
----------------------
(प → र) → प ⊢ प
-----------------------
⊢ ((प → र) → प) → प
```

डावीकडची फांदी बंद होते ती उजवीकडे मागे राहिलेल्या प मुळे. उजवीकडे एकाच विधानाची मुभा असती, तर प → र ठेवताना प सोडून द्यावे लागले असते. मग वर उरले असते प ⊢ र, आणि ते बंद व्हायला काही कारण नाही. दोन पंथांमधला तात्त्विक मतभेद एका स्वल्पविरामाच्या जागेवर आणून ठेवणे हे गेंट्झेनचे कौशल्य.

नियम इतके यांत्रिक आहेत म्हटल्यावर ते यंत्राकडे जाणारच होते. १९५८ च्या उन्हाळ्यात हाओ वँग या चिनी-अमेरिकी तर्कज्ञाने आयबीएम ७०४ या संगणकासाठी याच धर्तीवर प्रोग्रॅम लिहिले. व्हाइटहेड आणि रसेल यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या ग्रंथातली विधान-तर्काची दोनशेहून अधिक प्रमेये त्या यंत्राने सिद्ध केली. वाचणे आणि छापणे धरून ३७ मिनिटे लागली, पण प्रत्यक्ष सिद्धतेचा वेळ तीन मिनिटांच्या आत होता. दोन वर्षे आधी न्यूएल, शॉ आणि सायमन यांच्या गाजलेल्या प्रोग्रॅमने त्याच ग्रंथाच्या एका प्रकरणातल्या ५२ पैकी ३८ प्रमेयांवर समाधान मानले होते. त्यांचा प्रोग्रॅम माणसासारखे अंदाज बांधत शोध घेई. वँगचा नुसता विधाने फोडत जाई. अंदाज बांधण्याची गरजच पडू नये अशी सोय गेंट्झेनने चोवीस वर्षे आधी करून ठेवली होती, आणि ती एका नियमाच्या गच्छंतीतून आली होती.

तो नियम म्हणजे कट. वरच्या उदाहरणात एखादा माणूस असाही विचार करेल : आधी "पाऊस पडला तर पैसे परत" हे मधले वाक्य, म्हणजे प → त, दोन अटींवरून सिद्ध करू. मग त्या एका वाक्यावरून ¬त → ¬प काढू. शेवटी दोन्ही जोडून मधले वाक्य गाळून टाकू. रोजचे गणित असेच चालते, उपप्रमेये बांधत. कट नियम हीच जोडणी करतो. पण खालून वर जाताना तो त्रासदायक ठरतो, कारण मधले वाक्य मूळ दाव्यात कुठेच नसते. ते सुचावे लागते. बाकीच्या नियमांत वर येणारे प्रत्येक विधान खालच्या एखाद्या विधानाचाच तुकडा असतो. आपल्या पूर्ण झाडात प → त हे वाक्य एकदाही आलेले नाही, हे पडताळून पाहता येते.

गेंट्झेनने सिद्ध केले की कट वापरून जे काही सिद्ध होते ते कटशिवायही सिद्ध होते. या निष्कर्षाला त्याने जर्मनमध्ये मुख्य प्रमेय असेच नाव दिले. त्याच्यामुळे ती उघडीबोडकी ⊢ निकालात निघते. कट सोडला तर प्रत्येक नियमाच्या खालच्या ओळीत निदान एक विधान उरतेच, म्हणून रिकामा दावा कुठल्याही नियमाच्या तळाशी येऊ शकत नाही. कट काढता येतो म्हणजे तो कटनेही येऊ शकत नाही. ही पद्धत स्वतःशीच विसंगत नाही याची खात्री इतक्या थोडक्यात मिळते.

कट काढण्याची किंमत मात्र झाडाच्या आकारात मोजावी लागते. उपप्रमेय एकदा सिद्ध करून दहा ठिकाणी वापरता येते. कट काढला की त्याची सिद्धता दहाही ठिकाणी नव्याने उभी राहते, आणि उपप्रमेयांत उपप्रमेये असतील तर ही वाढ आवरत नाही. अमेरिकी तर्कज्ञ जॉर्ज बूलोस यांनी १९८४ मध्ये एका लेखात असा युक्तिवाद रचून दाखवला की जो नेहमीच्या रीतीने काही पानांत सिद्ध होतो, पण ज्याचे कटशिवायचे झाड लिहून काढणे कोणालाही शक्य नाही. कट काढू नका, असेच त्या लेखाचे शीर्षक सांगते.

आणि "प्रत्येक" हा शब्द आला की सहा खुणांची ती मोजणीही कोसळते. "प्रत्येक सामन्याला ही अट लागू आहे" असे विधान डावीकडे असेल, तर खोडणाऱ्याला ते सगळ्या सामन्यांसाठी खरे करावे लागते. म्हणून त्याच्यातून एका सामन्यापुरते विधान काढल्यावरही मूळ विधान डावीकडे तसेच ठेवावे लागते, पुढच्या सामन्यासाठी. खूण निघून जात नाही, फांदी वाढत राहू शकते. दावा पक्का असेल तर शिस्तीने शोध घेतल्यास झाड केव्हातरी बंद होते. पण ते बंद होत नसेल, तर अजून थांबावे की नाद सोडावा, हे सर्व दाव्यांसाठी ठरवून देणारी यांत्रिक रीत असू शकत नाही, असे अलोन्झो चर्च आणि अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. गेंट्झेनचा प्रबंध पूर्ण छापून येऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.